तलाठ्याची नोंद, मंडळ अधिकाऱ्याची सही: महसूल मंडळ ओळखा आणि फेरफार मार्गी लावा

सातबारा हातात घेऊन बघा. वर गाव, तालुका, जिल्हा लिहिलेलं असतं. मंडळ लिहिलेलं नसतं. त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं बसतं की गावात तलाठी, तालुक्याला तहसीलदार, आणि मधे रिकामी जागा. प्रत्यक्षात फेरफार अडतो तो बहुतेक वेळा याच रिकाम्या वाटणाऱ्या जागेत. माणसं तलाठ्याकडे चकरा मारतात, तो म्हणतो "माझं काम झालं, वर पाठवलंय", मग तहसील गाठतात, तिथला कारकून म्हणतो "इथे काही नाही, सर्कलकडे बघा". हे सर्कल म्हणजे महसूल मंडळ, आणि तिथे बसणारा तो मंडळ अधिकारी. गावाकडे आजही "सर्कलसाहेब" याच नावाने विचारा, नाहीतर समोरच्याला लवकर उमगत नाही.

हा लेख महाराष्ट्रापुरता आहे. कारण "सर्कल" आणि "मंडळ" हे शब्द राज्य बदललं की अर्थ बदलतात, आणि इंटरनेटवर वाचून लोक फसतात ते इथेच. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मंडल म्हणजे जवळपास आपला तालुका, तिथे तहसीलदार बसतो. बिहारमध्ये अंचल म्हणजे सर्कल, पण त्याचा अंचलाधिकारी आपल्या तहसीलदाराच्या कामाचा. गावाचं दप्तर असतं हलक्याच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, राजस्व कर्मचाऱ्याकडे. आसामात तर गंमत आहे: तिथे सर्कल ऑफिसर तालुक्याच्या पातळीवरचा, आणि "मंडल" म्हणजे गावपातळीवर जमिनीचं दप्तर ठेवणारा माणूस. आपल्या मधल्या पायरीशी खरं नातं कर्नाटकातल्या होबळीचं आणि तमिळनाडूतल्या फिर्क्याचं, दोन्हीकडे महसूल निरीक्षक असतो. मध्य प्रदेशातही पटवाऱ्यांच्या वर राजस्व निरीक्षक असतो. तेव्हा बेळगाव किंवा इंदूरकडे जमीन असेल तर शब्द नव्हे, काम विचारा: "नोंद कोण लिहितो आणि मंजूर कोण करतो?"

मंडळ म्हणजे किती गावं

महाराष्ट्रात तळाला गाव. एक किंवा काही गावं मिळून तलाठ्याचा सजा होतो. काही भागांत साझा म्हणतात. काही सजे मिळून एक महसूल मंडळ, काही मंडळं मिळून तालुका. २०१७ मध्ये शासनाने तीन हजारांहून जास्त नवे सजे आणि पाचशेहून जास्त नवी मंडळं मंजूर केली. त्यावरून हिशेब येतो साधारण सहा सजांमागे एक मंडळ. या फेररचनेमुळे अनेक गावांचं मंडळ बदललं. वडिलांच्या वेळच्या कागदावर जे मंडळ दिसतं तेच आज असेल असं धरून चालू नका.

अधिकाऱ्यांची नावंही बदलली आहेत. तलाठी या पदाचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. पाटी बदलली, बोलण्यात मात्र तलाठीच राहिला, आणि मीही पुढे तेच म्हणणार आहे. मंडळ अधिकारी हे पद तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनाच्या बरोबरीचं. बरेच मंडळ अधिकारी तलाठी म्हणूनच नोकरीला लागलेले असतात, त्यामुळे दप्तरातल्या खाचाखोचा त्यांना तोंडपाठ असतात.

पहिली पायरी: आपलं मंडळ शोधणं

सगळ्यात सोपी वाट पीकविम्याची. विम्याचे आणि अतिवृष्टीच्या मदतीचे हिशेब मंडळवार होतात. मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. म्हणून ज्याला सातबाऱ्यावरचं काही वाचता येत नाही असा शेतकरीही आपलं मंडळ बिनचूक सांगतो: "आमच्या मंडळात ६२ च पडला, वरच्या मंडळाला लाभ मिळाला." गावातल्या कुणालाही हे विचारा. मंडळाचं नाव बहुतेक ठिकाणी त्यातल्या एखाद्या मोठ्या, बाजाराच्या गावाचं असतं.

खात्री करायची तर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर मंडळनिहाय गावांची यादी बघा, किंवा तहसील कचेरीत विचारा. तलाठ्यालाच विचारलंत तरी चालेल, पण तेव्हा दोन प्रश्न एकदम विचारा: मंडळ कुठलं, आणि मंडळ अधिकारी कोणत्या दिवशी कुठे बसतात. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मंडळ अधिकाऱ्याचं कार्यालय मंडळाच्या गावी असतं असं कागद सांगतो. प्रत्यक्षात पंचनामे, वसुली, निवडणूक, वाळूच्या गाड्या यातून माणूस खुर्चीत सापडणं हेच काम होऊन बसतं.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. आपला ८-अ म्हणजे खातेउतारा गावापुरता असतो. जमीन दोन गावांत असेल तर दोन खातेउतारे, आणि गावं वेगळ्या मंडळांत असतील तर दोन मंडळ अधिकारी. एकीकडे झालेली नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही. पुढच्या उदाहरणात सगळा घोळ यातूनच झाला.

कोण लिहितो, कोण तपासतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५० वाचलं की कामाची वाटणी स्पष्ट होते. खरेदी, वारस, बक्षीस, बोजा असा कुठलाही बदल झाला की तलाठी त्याची नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहितो. त्याची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी नोटीस देतो. पण त्याने लिहिलेली नोंद ही अजून कच्ची असते. तिच्यावरून सातबारा बदलत नाही. ती तपासून प्रमाणित करण्याचा अधिकार अव्वल कारकून किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा. बिनतक्रारी नोंद मंडळ पातळीवर प्रमाणित होते. म्हणजे रोजच्या शंभर नोंदींतल्या बहुतेकांचा शेवट मंडळ अधिकाऱ्याच्या सहीने होतो, तहसीलदाराच्या नाही.

ही विभागणी मुद्दाम आहे. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच असता तर गावच्या राजकारणात दप्तर टिकलं नसतं. म्हणून तलाठ्याला "तुम्हीच सातबाऱ्यावर चढवून टाका" असं सांगण्यात अर्थ नसतो. आता ई-फेरफारमध्ये त्याला तशी सोयही नाही; मंडळ अधिकाऱ्याने आपल्या लॉगिनमधून नोंद मंजूर केल्याशिवाय संगणकातला सातबारा हलत नाही.

दुसरी पायरी: नोंद दाखल करणं

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं असेल तर वेगळा अर्ज करावा लागत नाही. कलम १५४ प्रमाणे निबंधकाकडून माहिती महसूल खात्याकडे जाते, आणि आता ती संगणकातून थेट जाते. बाकीच्या बाबतीत, म्हणजे मुख्यतः वारसाच्या, कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण मधल्या काळात मयताच्या नावाने कर्ज, विमा, मदत सगळं अडकतं.

वारसाचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो किंवा तलाठ्याकडे कागदावर देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता असलेलं शपथेवरचं निवेदन, आणि सातबारा व ८-अ. कागदावर दिलात तर पोहोच घ्याच. पोहोच नसेल तर तुमचा अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात.

वारसाची नोंद खरेदीपेक्षा एक पायरी लांब आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तलाठी आधी गाव नमुना ६-क, म्हणजे वारस प्रकरणांच्या नोंदवहीत लिहितो. वारस कोण याची चौकशी होऊन मंडळ अधिकारी वारस ठरवतो. त्यानंतर गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, नोटिसा निघतात, आणि मग तो पुन्हा मंडळ अधिकाऱ्याकडे प्रमाणित व्हायला येतो. मंडळ अधिकाऱ्याचा हात एकाच प्रकरणाला दोनदा लागतो. कुणाचं नाव सुटलं असेल तर ते पहिल्या वेळी सांगणं सगळ्यात स्वस्त पडतं.

तिसरी पायरी: पंधरा दिवस

फेरफार पडला की त्याला क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा. इथून पुढे कुठल्याही कचेरीत तुमच्या नावापेक्षा त्या क्रमांकाला जास्त किंमत आहे. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. नोंद कुठे पोहोचली ते `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वर "आपली चावडी" मध्ये गाव निवडून बघता येतं. चावडीवर चिकटवलेला कागद कुणी वाचत नाही, पण ही ऑनलाइन चावडी नाशिकहून, दुबईहून, कुठूनही वाचता येते. ज्यांची जमीन गावाकडे आणि माणसं बाहेर, त्यांनी महिन्यातून एकदा आपल्या गावाची चावडी उघडण्याची सवय लावावी.

हरकत तोंडी चालत नाही. लेखी द्या, फेरफार क्रमांक आणि गट नंबर लिहा, पोहोच घ्या. हरकत आली की तलाठी ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-अ मध्ये, घेतो. त्या क्षणापासून नोंद बिनतक्रारी राहत नाही, आणि दोन्ही बाजूंना बोलावून सुनावणी घ्यावी लागते. संहितेत असे वाद शक्यतो एका वर्षात निकाली काढावेत असं म्हटलंय. "शक्यतो" या शब्दाने महसूल खात्याचा बराच संसार चाललाय.

एक प्रकरण, जवळून

माझे मामा गेले. मागे मामी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात नदीच्या अलीकडच्या गावात ३ एकर आणि पलीकडच्या गावात सव्वा एकर. नदी ही मंडळांची शीव, त्यामुळे दोन गावं दोन मंडळांत.

अलीकडच्या गावाचा अर्ज थोरल्याने केला. चार वारस, चार नावं. दीड महिन्यात सातबारा बदलला. सगळ्यांना वाटलं काम संपलं. पाच महिन्यांनी पलीकडच्या शेतावर पीककर्ज काढायला गेल्यावर कळलं की तिथे मामा अजून हयात आहेत. मग धाकट्याने तिकडचा अर्ज केला, आणि शपथेवरच्या निवेदनात तीनच नावं लिहिली. बहीण राहिली. तो म्हणाला विसरलो. असेल.

नोटीस निघाली ती अर्जात नावं असलेल्यांना. बहिणीला निघण्याचं कारणच नव्हतं, कारण कागदाच्या लेखी ती नव्हतीच. तिने आपली चावडी उघडली ती नोटिसीच्या आठव्या दिवशी, केवळ मी मागे लागलो म्हणून. अकराव्या दिवशी आम्ही तलाठ्याकडे लेखी हरकत दिली. सोबत तीन कागद: तिचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर वडिलांचं नाव होतं, अलीकडच्या गावचा मंजूर फेरफार, ज्यात तिचं नाव वारस म्हणून आलेलं, आणि तिचं स्वतःचं निवेदन.

यातला दुसरा कागद निर्णायक ठरला. एकाच मयताच्या वारसांची यादी एका मंडळात चार जणांची आणि शेजारच्या मंडळात तिघांची, याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या तालुक्यात तक्रारी नोंद मंडळ अधिकाऱ्यांपुढेच चालली, काही ठिकाणी ती तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांपुढे जाते, म्हणून हरकत देतानाच "सुनावणी कोणापुढे?" हे विचारून घ्या. पहिल्या तारखेला साहेब पंचनाम्याला गेलेले. दुसऱ्या तारखेला धाकटा हजर राहिला, बहीण मुलगी आहे हे त्याने मान्य केलं, जबाबावर सही केली. नोंद दुरुस्त होऊन चार नावांनी प्रमाणित झाली. अर्जापासून सातबाऱ्यापर्यंत साडेचार महिने. सुनावणीत तिने हिस्सा किती हेही ठरवून मागितलं, तेव्हा मंडळ अधिकारी म्हणाले, "ताई, नाव लावणं माझ्याकडे, वाटणी माझ्याकडे नाही." बरोबर होतं त्यांचं.

नोंद मंजूर होऊन गेली असेल तर

समजा तिने चावडी दोन महिन्यांनी उघडली असती. मग हरकत चालली नसती. प्रमाणित नोंद म्हणजे आदेश झाला, आणि त्यावर कलम २४७ प्रमाणे अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे. मुदत ६० दिवस. आदेशाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. मुदत टळली तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागतो, आणि उशीर का झाला ते पटवावं लागतं. नोटीस मिळालीच नव्हती हे त्यातलं सगळ्यात भक्कम कारण.

इथे लोक एक चूक हमखास करतात. कुणीतरी सांगतं, "१५५ खाली अर्ज कर, लगेच होतं." कलम १५५ लेखनातल्या चुकांसाठी आहे. मूळ फेरफारात नाव "शांताबाई" आणि सातबाऱ्यावर "कांताबाई" असं चढलं, किंवा ०.८० हेक्टरचं ०.०८ झालं, तर तो अर्ज तहसीलदाराकडे करायचा. वारस सुटला ही लेखनातली चूक नव्हे. तिथे १५५ चा अर्ज केलात तर तो फेटाळला जाईपर्यंत अपिलाची मुदत निघून गेलेली असते. दोन्हींतला फरक ओळखायची खूण अशी: मूळ फेरफाराचा कागद बरोबर आहे आणि उतरवताना चुकलं, तर १५५. फेरफारच चुकीचा आहे, तर अपील.

नोंद "रद्द" झाली तर आधी शेरा वाचा. मंडळ अधिकाऱ्याला रद्द करण्याचं कारण लिहावं लागतं. बरेचदा कारण साधं असतं: एका वारसाला नोटीस पोहोचल्याची पावती नाही, किंवा खरेदीखतातलं क्षेत्र सातबाऱ्यावरच्या विकणाऱ्याच्या हिश्श्याशी जुळत नाही. पहिल्या प्रकारात त्रुटी भरून नवी नोंद धरून घेता येते, अपिलाची गरज पडत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र दोष खतातच असतो, आणि सर्कलशी भांडून तो निघत नाही. चूकदुरुस्ती खत करायला पुन्हा निबंधकाकडे जावं लागतं.

जे त्याच्याकडे नाही

मंडळ अधिकाऱ्याकडे नकाशा नाही. बांध सरकला, गटाची हद्द कळत नाही, नकाशा आणि ताब्यात फरक आहे, हे सगळं भूमी अभिलेख खात्याचं. तालुक्याला त्याचा उप अधीक्षक असतो, त्याच्यावर जिल्हा अधीक्षक, आणि सगळ्यात वर पुण्यात जमाबंदी आयुक्त. मोजणीचा अर्ज तिथे जातो. गावठाण किंवा शहर नगर भूमापनात गेलं असेल तर तिथल्या मिळकतीला मालमत्ता पत्रक असतं, आणि त्यावरचा फेरफारही भूमी अभिलेखच करतं. घराच्या वारसासाठी सर्कलच्या दारात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. चूक त्यांची नाही, दोन खाती एकाच आवारात असतात आणि पाट्या धूळ खात असतात.

वाटणीचा अर्ज कलम ८५ खाली तहसीलदाराकडे. रस्ता अडवला तर तोही तहसीलदाराकडे. मंडळ अधिकारी फक्त जागेवर जाऊन पंचनामा करतो आणि अहवाल देतो. त्या पंचनाम्याच्या वेळी तुम्ही हजर असणं मात्र फार गरजेचं, कारण तहसीलदार बहुतेक वेळा त्याच कागदावरून शेत बघतो. आणि मालकी कोणाची हा खरा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, तेवढंच तिचं वजन.

पलीकडच्या शेताचा नवा सातबारा बहिणीने १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढला. तिचं नाव चौथ्या ओळीत आहे, सगळ्यांच्या खाली. धाकट्याचं म्हणणं, वयाने ती दुसरी, मग चौथी का लावली. त्यासाठी काही तो अर्ज करणार नाही.